तिसरा पत्ता
मावशी निवृत्त शिक्षिका. नोकरीसाठी दुबईला निघालेल्या भाच्याला तिने टॅरोच्या ७८ पत्त्यांतून तीन काढायला लावले: मागचा काळ, आत्ताचा, पुढचा. मधला निघाला सहा तलवारींचा. होडीत पाठमोरी बाई, शेजारी मूल, मागे उभा नावाडी. १९०९च्या संचासाठी पामेला कोलमन स्मिथ यांनी काढलेलं हे चित्र प्रवासाचं मानतात. मावशीने भाकीत केलं नाही. विचारलं, "यात तू कुठे आहेस रे?"

तो बराच वेळ बघत राहिला. "बाईच्या जागी. होडी दुसराच हाकतोय. मावशी, व्हिसा पर्यटकाचा आहे. नोकरीचा तिकडे गेल्यावर देणार म्हणतात."

पत्त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. प्रश्नाने त्याला बोलतं केलं. तिसरा पत्ता तिने उलटलाच नाही.

"आधी एजंटचा परवाना आणि नोकरीचा करार दाखव."