हप्ता झेपेना तेव्हा बँकेला काय लिहावे

कर्जाचा हप्ता चुकला की बँकेत दिवस मोजणे सुरू होते. तीस दिवस, साठ दिवस असे टप्पे ओलांडत थकबाकी नव्वद दिवसांपलीकडे गेली की खाते अनुत्पादक ठरते. बँकेच्या भाषेत एनपीए. बहुतेक कर्जदार साहेबांना भेटायला जातात ते याच्या आसपास, वसुलीचे फोन सुरू झाल्यावर. तोवर शाखेच्या हातातले बरेच काही निसटलेले असते.

भोसरीत पावडर कोटिंगचा एक छोटा कारखाना आहे, असे समजू. मशीनच्या कर्जातले १२ लाख रुपये फेडायचे राहिले आहेत, व्याज ११ टक्के, मुदत ३६ महिने आणि हप्ता साधारण ३९,३०० रुपये. सगळा खर्च भागवून मालकाकडे महिन्याला ५२,००० उरत, तेव्हा हप्त्याची चिंता नव्हती. मग मोठ्या गिऱ्हाइकाने साडेचार लाखांची बिले अडकवली, काम कमी केले आणि शिल्लक १६,००० वर आली.

अशा वेळी लिहिले जाणारे अर्ज बहुधा 'सध्या अडचण आहे, सहा महिने सवलत मिळावी, सहकार्य करावे' एवढ्यावरच संपतात. शाखाधिकाऱ्याला सहानुभूती असली तरी ती वरच्या कार्यालयात पाठवता येत नाही. तिथे विचारले जाते ते एवढेच, की सातव्या महिन्यात पैसे कुठून येणार?

आपला कारखानदार मग असे लिहितो: पहिले सहा महिने मी फक्त व्याज भरेन, म्हणजे दरमहा ११,०००. उरलेले पाच हजार अडीअडचणीला राहतील. नव्या गिऱ्हाइकाचे काम तिसऱ्या महिन्यात सुरू होईल, त्याचे पैसे साठ दिवसांनी मिळतात, म्हणजे पाचव्या महिन्याअखेर. ऑर्डरची प्रत सोबत जोडली आहे. त्यानंतर माझ्याकडे महिना ४२,००० उरतील असा हिशेब आहे. म्हणून सातव्या महिन्यापासून ४८ महिन्यांची मुदत मिळावी, हप्ता सुमारे ३१,००० येईल. अडकलेले साडेचार लाख त्याने या हिशेबात धरलेलेच नाहीत. आले तर मुद्दलात भरण्याची तयारी तेवढी लिहिली आहे.

या प्रस्तावातली मला सर्वात आवडणारी गोष्ट म्हणजे ४२ आणि ३१ यांमधले अंतर. घाबरलेला कर्जदार बँकेला खूश करायला ४०,००० कबूल करतो आणि दुसऱ्याच महिन्यात अडखळतो. मोडलेल्या पुनर्रचनेनंतर दुसरी मागणे फार अवघड जाते. सवलत फुकटही नाही. जुन्या मुदतीत एकूण व्याज सुमारे २ लाख १४ हजार झाले असते, आता ते ३ लाख ५५ हजारांच्या घरात जाईल. जवळजवळ १ लाख ४० हजार जास्त. हा आकडा सही करण्याआधी स्वतः काढून पाहावा.

बँक काचकूच करते त्याचे कारणही समजून घ्यायला हवे. कर्जदार अडचणीत आहे म्हणून अटी बदलल्या, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार चांगले खातेही सामान्यतः एनपीएत टाकावे लागते आणि बँकेला त्यापोटी जास्त तरतूद करावी लागते. कोविडच्या काळात २०२० आणि २०२१ साली यातून खास सूट होती. ती मुदत केव्हाच संपली. क्रेडिट अहवालातही पुनर्रचनेची नोंद दिसते, त्यामुळे पुढची काही वर्षे नवे कर्ज मिळणे कठीण. अडचण खरोखर एक-दोन महिन्यांचीच असेल तर उसनवारी करून किंवा एखादी ठेव मोडून हप्ते भरलेले बरे.

सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योगांना आणखी एक दार आहे. २५ कोटींपर्यंत कर्ज असलेल्या अशा उद्योगांसाठी केंद्र सरकारने २०१५ मध्ये पुनरुज्जीवनाची चौकट ठरवली आणि २०१६ मध्ये रिझर्व्ह बँकेने ती बँकांना लागू केली. तीत उद्योजक स्वतः अर्ज करू शकतो आणि बँकेच्या समितीला त्यावर विचार करावा लागतो. २०२४ साली प्रो निट्स विरुद्ध कॅनरा बँक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही चौकट बँकांवर बंधनकारक असल्याचे म्हटले. मात्र त्याच निकालात उद्योगालाही बजावले आहे, की खाते एनपीए होण्याआधी त्याने कागदपत्रांसह स्वतः पुढे यायला हवे. उद्यम नोंदणी कपाटात पडून असेल तर ती अर्जाला जोडायची वेळ हीच.

अर्ज दोन प्रतींत द्यावा आणि एकीवर शिक्का-तारखेसह पोच घ्यावी. जामीनदाराला आधीच सांगून ठेवावे. अटी बदलताना बँक त्याचीही संमती मागते, आणि तो ऐनवेळी अडून बसला तर सगळे लटकते. साहेबांनी तोंडी 'करू या' म्हटले तरी लेखी मंजुरी येईपर्यंत जुनाच हप्ता लागू असतो. खात्यातून तो आपोआप ओढला जाईल आणि शिल्लक नसेल तर परतीचा दंड बसेल, थकबाकीचे दिवसही मोजले जात राहतील. त्या काळात जमेल तेवढी रक्कम भरत राहावी, आणि मंजुरीपत्र आल्यावर खात्यातून हप्ता कापण्याचा जुना आदेश बदलून घ्यावा.