५८ टक्क्यांचा हिशेब

गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी नैराश्यावर केलेला प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. सुमारे पाचशे रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटाला नेहमीचे उपचार मिळाले, दुसऱ्याला त्यासोबत मानसोपचाराची पदवी नसलेल्या समुपदेशकांच्या काही बैठका. बैठकीत मुख्य भर एका गोष्टीवर होता: बंद पडलेली कामं, भेटीगाठी, आवडीचे उद्योग थोडे थोडे पुन्हा सुरू करणं. तीन महिन्यांनी दुसऱ्या गटातले ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते, पहिल्यातले ३९ टक्के. उपचार लागू पडला, यात शंका नाही.

पण तो कशामुळे लागू पडला? त्याच वर्षीच्या पुढच्या निबंधात उत्तर आलं: उपचाराच्या वर्षअखेरच्या परिणामापैकी ५८ टक्के वाटा तिसऱ्या महिन्यातल्या वाढलेल्या हालचालीतून आला. आकडा देखणा आहे, म्हणूनच तो उलगडून पाहायला हवा.

असा आकडा कसा निघतो, ते कल्पित अंकांनी पाहू. उपचाराने नैराश्याचे गुण एकूण ४ ने उतरले. उपचाराने हालचालीचे गुण ५ ने वाढले, आणि हालचालीच्या प्रत्येक गुणामागे नैराश्य ०.४ ने कमी दिसलं. पाच गुणिले ०.४ म्हणजे २, म्हणजेच चारातला निम्मा वाटा हालचालीचा. यातला ५ चिठ्ठ्यांच्या जोरावर उभा आहे. ०.४ मात्र नाही, कारण कोण किती हालचाल करेल याच्या चिठ्ठ्या कुणी टाकलेल्या नाहीत.

असाच प्रयोग जुन्नर-आंबेगावात झाला असं समजा. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोला भाव मिळाला, की ज्याचा माल निघतो तो शेतकरी घराबाहेरही पडतो आणि त्याचं मनही हलकं होतं. दोन्हींच्या मागे भाव आहे, पण हिशेबात श्रेय हालचालीला जातं. भाव मोजला तर हिशेबातून वेगळा काढता येतो. घरातली कुरबूर कुणी मोजलेली नसते. आणि समुपदेशनामुळेच ती मिटली असेल, तर ती वेगळी काढणंही साध्या गणिताला झेपत नाही.

दुसरी अडचण वेळेची. तिसऱ्या महिन्यात हालचाल वाढली तेव्हा मनही आधीच सुधारलेलं होतं. मन बरं वाटलं म्हणून माणूस उठला, की उठला म्हणून बरं वाटलं? वर्षअखेरचे गुण नंतर मोजल्याने ही शंका पुरती फिटत नाही. दर बैठकीला दोन्ही मोजलं, तर आधी काय हललं ते तरी कळतं.

म्हणून असा आकडा देताना न मोजलेलं कारण किती जोरदार असलं तर निष्कर्ष कोसळेल, तेही सांगायला हवं. माझ्या मते ते नसेल तर टक्केवारी छापूच नये. याहून भक्कम वाट म्हणजे उपचाराचे भागच वेगळे करून त्यांच्या चिठ्ठ्या टाकणं. नील जेकबसन यांनी १९९६ साली अमेरिकेत तेच केलं. त्यात विचार बदलण्याचा भाग वगळून फक्त हालचालीवर भर दिलेले रुग्णही पूर्ण उपचार घेतलेल्यांइतकेच सुधारले. गोव्याच्या ५८ टक्क्यांवर माझा जो काही विश्वास बसतो, तो बराचसा या जुन्या प्रयोगामुळे.