आधी अट, मग निकाल

आम्ही आरे-वारेहून बोलतोय. मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत हप्ते जमा झाले, वही बंद झाली आणि गोष्ट पत्रिकेवर आली. आमच्यातल्या एकीचा मुलगा शाळेत मागे पडतो. कुणीतरी तिला एका ज्योतिषांचं नाव सुचवलं होतं. "ते पत्रिका बघून मूल हुशार होणार की नाही ते सांगतात, आणि त्यांचं सांगणं पडताळून सिद्ध झालंय," असं तिला सांगितलं होतं. दक्षिणाही थोडीथोडकी नव्हती. तिने विचारलं, "सिद्ध झालंय म्हणजे नेमकं काय झालंय?" आजचं बोलणं त्या प्रश्नावर आहे.

नेमकी हीच गोष्ट आपल्या महाराष्ट्रात तपासून झालेली आहे. २००८ साली पुण्यात खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्राचे प्रा. सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि स्वतः ज्योतिषाचा अभ्यास केलेले प्रकाश घाटपांडे यांनी मिळून ही चाचणी घेतली. शंभर हुशार मुलं आणि शंभर मतिमंद मुलं अशा दोनशे जणांच्या पत्रिका तयार केल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस दिल्या. कुठली पत्रिका कोणत्या मुलाची आहे, हे त्यांनी ओळखायचं होतं. उत्तरं विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागात बंद ठेवली होती.

आता महत्त्वाची गोष्ट. चाळीसपैकी किती बरोबर आले तर पास म्हणायचं, हे निकाल येण्याआधीच ठरलं होतं. ती अट अठ्ठावीसची होती.

अठ्ठावीस का, वीस का नाहीत? ते कळावं म्हणून आम्ही बैठकीत एक खेळ केला. अकरा जणी होतो. प्रत्येकीने एक नाणं चाळीस वेळा उडवायचं, दर वेळी आधी छापा की काटा ते बोलायचं आणि दुसरीने वहीत खूण करायची. काहीच विद्या नसताना सरासरी वीसच्या आसपास बरोबर येणार, हे उघड आहे. पण सगळ्यांचे वीस येत नाहीत. कुणाचे सोळा आले, कुणाचे बावीस, आणि एकीचे पंचवीस! लगेच हसणं सुरू झालं, "हिच्या हाताला गुण आहे." दुसरी म्हणाली, "ती डाव्या हाताने उडवत होती, म्हणूनच!" मग तिलाच पुन्हा चाळीस वेळा उडवायला लावलं. डाव्याच हाताने. अठरा आले.

मैत्रिणींनो, या एका खेळात संशोधनातल्या तिन्ही लबाड्या आहेत. त्या मुद्दाम केलेल्या असतात असंही नाही. बऱ्याचदा माणूस स्वतःलाच फसवतो.

पहिली म्हणजे निवडून सांगणं. अकरा जणींपैकी दहा जणींचं काहीच न बोलता फक्त पंचवीसवालीचं नाव रेडिओवर सांगितलं असतं, तर ऐकणाऱ्याला काय वाटलं असतं?

दुसरी म्हणजे निकाल बघून कारण जुळवणं. डाव्या हाताची गोष्ट आधी कुणाच्या मनातही नव्हती. आकडा दिसल्यावर ती सुचली. मग "आम्ही डाव्या हाताचीच परीक्षा घेत होतो" असं लिहिलं की वाचणाऱ्याला ते खरं वाटतं.

तिसरीला संशोधक पी-हॅकिंग म्हणतात. नुसत्या नशिबाने इतका चांगला किंवा त्याहून चांगला निकाल शंभरात किती वेळा लागेल, त्या आकड्याला 'पी' म्हणायची पद्धत आहे. तो पाचाच्या खाली आला की बऱ्याच ठिकाणी निकाल दखल घेण्याजोगा मानतात. मग काय होतं? आकडा खाली येईना, तर फक्त मुलींच्या पत्रिका मोजून बघायच्या. नाही जमलं, तर फक्त ज्येष्ठ ज्योतिषी. तेही नाही, तर शेवटच्या दहा पत्रिका सोडून द्यायच्या. वीस वेगवेगळ्या तऱ्हांनी मोजलं, तर काहीच दम नसलेल्या गोष्टीतही एखादी तऱ्हा पाचाच्या खाली येणं सहज शक्य असतं.

पुण्याच्या चाचणीकडे परत जाऊ. नाणं उडवून चाळीसपैकी अठ्ठावीस किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी आहे. सव्वीसची अट ठेवली असती तर ती शंभरात चार झाली असती. चार म्हणजे कमी वाटतं. पण सत्तावीस माणसं नाणी उडवायला बसली, तर त्यांतल्या निदान एकाचे सव्वीस किंवा जास्त येण्याची शक्यता तीनात दोन आहे! म्हणून अट कडक हवी आणि ती आधी हवी.

एक्कावन्न ज्योतिषांनी पत्रिका मागवून घेतल्या, उत्तरं सत्तावीस जणांची आली. सगळ्यात जास्त बरोबर आले चोवीस. अठ्ठावीसला कुणी पोचलं नाही आणि सगळ्यांची सरासरी वीसच्याही खाली राहिली. एका ज्योतिष संस्थेने दोनशेच्या दोनशे पत्रिका तपासल्या, त्यांतल्या १०२ बरोबर आल्या. नाण्याने शंभर आल्या असत्या.

आता विचार करा, अट आधी ठरली नसती तर? चोवीसवाले म्हणाले असते, "साठ टक्के बरोबर!" आणि आकडा खोटा नसता. पण नाणं उडवणाऱ्या सत्तावीस जणांत चोवीस किंवा जास्त मिळवणारे तीन-चार जण निघतात. इथे एकच निघाला. २००९ मध्ये 'करंट सायन्स' पाक्षिकात हा निकाल आला, तेव्हा सत्तावीसही जणांचा हिशोब दिला होता, आणि किती जणांनी उत्तरं पाठवली नाहीत तेही. या चाचणीने ज्योतिषातला एकच प्रश्न तपासला, तेवढंच तिच्यावरून म्हणता येतं.

औषधांच्या बाबतीत तर ही अट आधी लिहून ठेवणं जिवाशी येतं. आपल्या देशात २००७ पासून त्यासाठी एक सरकारी नोंदवही आहे, ती कुणालाही बघता येते. औषधाची चाचणी करणाऱ्याने काय मोजणार, किती रुग्णांवर, किती दिवस, हे तिथे आधी लिहायचं असतं. नंतर मोजण्याची गोष्ट बदलली की पकडता येते. मात्र नोंद झाली म्हणजे औषध गुणकारी ठरलं असं नाही. चाचणी होणार, एवढंच त्यातून कळतं.

अशा नोंदीने काय फरक पडतो? अमेरिकेत हृदयविकाराच्या मोठ्या चाचण्या कुणीतरी मोजून पाहिल्या. २००० सालाआधीच्या तीस चाचण्यांपैकी सतरांमध्ये उपचाराचा फायदा दिसला होता. नोंद सक्तीची झाल्यानंतरच्या पंचवीसपैकी फक्त दोनांमध्ये दिसला. फरकाला दुसरीही कारणं असतील, पण आधी लिहून दिलं की हवं ते निवडायची वाट बंद होते. काही मासिकं तर आता याहून पुढे गेली आहेत. ती संशोधनाची पद्धत आधी तपासून छापायचं वचन देतात, मग निकाल कसाही येवो. त्यामुळे 'काही फरक पडला नाही' हेही छापून येतं.

आमच्या मैत्रिणीने मग त्या ज्योतिषांना फोन करून तीन गोष्टी विचारल्या: किती मुलांच्या पत्रिका तपासल्या, किती बरोबर आल्या तर पास हे आधी कुठे लिहून ठेवलं होतं, आणि ज्यांचं चुकलं त्यांचा हिशोब कुठे आहे. पलीकडून उत्तर आलं, "ताई, विश्वास ठेवायचा असतो." तिने दक्षिणेचे पैसे बाजूला ठेवले आणि शाळेतल्या बाईंना जाऊन भेटली. मुलाला फळ्यावरचं नीट दिसत नव्हतं. चष्मा आलाय. अभ्यासात फरक पडतो का, हे ती सहामाही परीक्षेत बघणार आहे. किती गुण वाढले तर फरक म्हणायचा, ते तिने आत्ताच वहीत लिहून ठेवलंय.