वाहितमल-संस्करण केंद्र : प्रक्रिया-वर्णन व अभिकल्प-भार
नगराचे वाहितमल (घरगुती सांडपाणी व त्यातून वाहणारा मळ) नदीत किंवा जमिनीवर सोडण्यापूर्वी ज्या केंद्रात शुद्ध केले जाते, त्याच्या सविस्तर प्रकल्प अहवालात ‘प्रक्रिया-वर्णन’ हे एक प्रकरण असते. कोणते टप्पे कोणत्या क्रमाने येतील, प्रत्येक टाकी केवढी असेल आणि ती कोणत्या भारासाठी आखली आहे, हे त्यात सांगितलेले असते. केंद्राची क्षमता दररोज इतके दशलक्ष लिटर अशी एकाच आकड्याने सांगण्याचा प्रघात आहे. पण या आकड्यावरून केवळ पाण्याचे आकारमान कळते. केंद्रावर वस्तुतः दोन भार पडतात. एक पाण्याचा, तर दुसरा त्यातील सेंद्रिय द्रव्याचा. काही टाक्या पहिल्यावर आखतात, काही दुसऱ्यावर आणि अखेरची अवसादन टाकी दोहोंवर. अहवाल तपासताना मुख्यतः हेच पहावयाचे असते.

सेंद्रिय भार जैव ऑक्सिजन मागणीने (व्यवहारात बीओडी) मोजतात. सूक्ष्मजंतूंना हे द्रव्य पचविण्यासाठी लागणारा ऑक्सिजन म्हणजे ही मागणी होय. पूर्वी ती २०° से. तापमानास पाच दिवसांची मोजीत. भारतीय मानकात २७° से. तापमानास तीन दिवसांची घेतात.

उदाहरणादाखल अभिकल्प-वर्षी १,००,००० लोकसंख्या असणारे एक नगर घेऊ. दरडोई दररोज १३५ लि. पाणीपुरवठा आणि त्यापैकी ८० टक्के पाणी गटारात येते असे धरल्यास दरडोई १०८ लि., म्हणजे एकूण १०,८०० घ. मी. वाहितमल दररोज येईल. हा ताशी सरासरी ४५० घ. मी. प्रवाह झाला. सकाळच्या वेळी तो याच्या कितीतरी पट होतो. या आकाराच्या नगरासाठी कमाल गुणक २·२५ घेतात, त्यामुळे कमाल प्रवाह ताशी सुमारे १,०१३ घ. मी. येतो. बीओडी दरडोई २७ ग्रॅ. धरल्यास रोजचा भार २,७०० किग्रॅ. व वाहितमलाची तीव्रता लिटरला २५० मिग्रॅ. होते.

प्रारंभीचे टप्पे यांत्रिक असतात. जाळ्यांवर चिंध्या, प्लॅस्टिक वगैरे अडते व वाळू-टाकीत वाळू तळाशी बसते. दोन्ही टप्पे कमाल प्रवाहावर आखावे लागतात, कारण वाळू अधिकतर गर्दीच्या वेळीच वाहून येते आणि ती पुढे गेल्यास पंप झिजतात व टाक्यांचे तळ भरत जातात. यानंतर प्राथमिक अवसादन टाकीत पाणी सुमारे दोन तास मंदगतीने वाहते. तेथे लोंबता मळ खाली बसून बीओडी साधारण ३० टक्क्यांनी घटते. आपल्या उदाहरणात १,८९० किग्रॅ. भार पुढे जातो.

यापुढील वायुमिश्रण टाकी हा प्रक्रियेचा गाभा होय. इंग्लंडमध्ये मँचेस्टर येथे आर्डर्न व लॉकेट यांनी १९१४ मध्ये मांडलेली सक्रियित गाळ पद्धती येथे वापरली जाते. वाहितमलात हवा मिसळत राहिल्यास सूक्ष्मजंतूंचे पुंजके बनतात. ते पुढील टाकीत खाली बसवून पुन्हा परत आणले, तर थोड्याच तासांत पुष्कळ द्रव्य पचविले जाते. या टाकीचे आकारमान पाण्यावर नव्हे, तर अन्न आणि जंतू यांच्या प्रमाणावर ठरते. रूढ पद्धतीत दररोज १ किग्रॅ. जंतुद्रव्यास ०·३ ते ०·४ किग्रॅ. बीओडी देतात. टाकीत दर घ. मी.ला ३ किग्रॅ. गाळ राखला व त्यातील ८० टक्के, म्हणजे २·४ किग्रॅ., सेंद्रिय जंतुद्रव्य मानले, तर ०·३ या प्रमाणाने १,८९० ÷ (०·३ × २·४) = २,६२५ घ. मी. आकारमान लागते. पाणी तेथे ५·८ तास राहते. रूढ पद्धतीत हा काळ चार ते सहा तास असतो, तेव्हा हिशोब जुळतो. जंतूंना द्यावयाचा ऑक्सिजन नष्ट झालेल्या बीओडीइतका धरतात. बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरला २० मिग्रॅ. बीओडी राहू दिल्यास १,६७४ किग्रॅ. नष्ट होते, म्हणजे ताशी सरासरी ७० किग्रॅ. ऑक्सिजन लागतो. येथे हवामानाचा विचार अवश्य करावा. शुद्ध पाण्यात २०° से.ला लिटरमागे सुमारे ९·१ मिग्रॅ. ऑक्सिजन विरघळू शकतो, तर ३०° से.ला केवळ ७·६ मिग्रॅ. उन्हाळ्यात जंतूंची भूक वाढते आणि नेमक्या त्याच वेळी हवा विरघळणे अवघड होते. थंड देशातील यंत्रांची नोंदलेली क्षमता जशीच्या तशी उतरवून घेतलेले अहवाल येथेच फसतात.

द्वितीयक अवसादन टाकीत गाळ व स्वच्छ पाणी वेगळे होतात. टाकीच्या पृष्ठभागाच्या दर चौ. मी.वर दररोज २० घ. मी. पाणी धरल्यास ५४० चौ. मी. क्षेत्र लागते, कमाल प्रवाहाच्या वेळी हा दर ४५ होतो व तोही मर्यादेत आहे. परंतु या टाकीत येणारे घन द्रव्य वेगळे तपासावे लागते. त्यासाठी एक साधी परीक्षा आहे. वायुमिश्रण टाकीतील १ लि. मिश्रण मापपात्रात अर्धा तास स्थिर ठेवतात. गाळ ३०० मिलि. खुणेपर्यंत बसला, तर ३०० ला ३ ने भागून (लिटरमधील ३ ग्रॅ. गाळ) गाळाचा घनफळ-निर्देशांक १०० येतो. हा चांगला गाळ होय. तळाशी त्याची घनता घ. मी.ला १० किग्रॅ. होते, म्हणून येणाऱ्या प्रवाहाच्या ४३ टक्के गाळ-पाणी परत फिरविले की पुरते. घनभार दर चौ. मी.ला दररोज सुमारे ८६ किग्रॅ. पडतो, रूढ मर्यादा ७० ते १४० किग्रॅ. आहे.

आता त्याच पात्रात गाळ ६०० मिलि.वरच थांबला असे समजू. निर्देशांक २०० झाला, तळाची घनता निम्मी झाली आणि टाकीत तितकाच गाळ राखण्यासाठी दीडपट प्रवाह परत फिरवावा लागला. घनभार १५० किग्रॅ.वर जातो. येणारे पाणी तेवढेच, बीओडी तेवढीच. तरीही टाकी अपुरी पडते व करडा गाळ काठावरून वाहू लागतो. गाळ असा फुगण्याचे नेहमीचे कारण तंतुरूप जंतूंची वाढ हे असून हवा कमी पडली की ते फोफावतात. यावर टाकी वाढविणे हा उपाय नव्हे. प्रथम विरघळलेला ऑक्सिजन तपासावा. मात्र पात्रातील गाळ नीट खाली बसून तासा-दोन तासांनी गोळ्यांनी वर येत असेल, तर दोष निराळा असतो. तळाशी रेंगाळलेल्या गाळात नायट्रेटापासून नायट्रोजन वायू सुटून तो गाळ उचलतो. अशा वेळी गाळ लवकर काढून घ्यावा लागतो.

दोन्ही अवसादन टाक्यांतून निघणारा जादा गाळ घट्ट करून हवाबंद पाचकात कुजवितात व वाळवितात. शुद्ध झालेल्या पाण्याचे क्लोरिनाने निर्जंतुकीकरण करतात.

अभिकल्प-भार व प्रत्यक्ष भार यांतील अंतर दोन्ही दिशांनी त्रास देते. घरांच्या निम्म्याच जोडण्या झाल्या, तर अन्न निम्मे होऊन जंतू उपाशी राहतात व हवेवरची वीज वाया जाते. म्हणून वायुमिश्रण टाकीचे निदान दोन स्वतंत्र भाग करून एक बंद ठेवण्याची सोय अहवालात दाखविलेली असावी. उलट, शौचकूप उपसून आणलेला ५ घ. मी.चा एक टँकर पाण्याच्या मापाने जेमतेम ४६ माणसांइतका असतो. पण त्यात लिटरला ५,००० मिग्रॅ. बीओडी असल्यास तो नऊशेहून अधिक माणसांचा भार एका दमात टाकतो. असे टँकर घ्यावयाचे असतील, तर त्यांच्यासाठी स्वतंत्र साठवण-टाकी बांधून ते पाणी रात्रीच्या मंद प्रवाहात थोडेथोडे सोडावे आणि त्याचा भार मूळच्या २,७०० किग्रॅ.मध्ये आधीच मिळवावा.