अंधारातली नजर

रात्री पाहण्याची सैन्याची साधने दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात चांदण्यांचा क्षीण प्रकाश नळीत शिरतो, त्याचे इलेक्ट्रॉन होतात, त्यांची संख्या हजारो पटींनी वाढते आणि पडद्यावर बहुधा हिरवट चित्र उमटते. बंद भुयारात मात्र ही नळी आंधळीच, कारण वाढवायला थोडा तरी प्रकाश हवा.

थर्मल कॅमेऱ्याला प्रकाश लागतच नाही. प्रत्येक वस्तूतून निघणारे उष्णतेचे अवरक्त किरण तो टिपतो. त्यामुळे गरम इंजिनाचा रणगाडा थंड वाळवंटात ठळक दिसतो. पहाटे-संध्याकाळी वस्तू आणि जमीन यांचे तापमान जुळते, तेव्हा चित्र फिके पडते.

या नजरेची खरी मर्यादा ओळख पटवण्यात आहे. 26 फेब्रुवारी 1991 च्या रात्री इराकमध्ये अमेरिकी रणगाड्यांना इराकी रणगाडे दुरूनच दिसत होते. पण इराकी पायदळाचे रॉकेट अमेरिकी रणगाड्यावर आदळून झालेला भडका थर्मल दुर्बिणीत शत्रूच्या तोफेच्या माऱ्यासारखा भासला. मागच्या अमेरिकी तोफचींनी त्यावरच गोळे डागले आणि त्यांचेच सहकारी मारले गेले. या युद्धानंतर अमेरिकी वाहनांवर थर्मल दुर्बिणीत थंड दिसणारे ओळखफलक बसवण्यात आले.