मालकाचं खातं

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात क्लबमध्ये नव्याने आलेल्या दोघांनी एकाच दिवशी तक्रार केली : "सर, क्लबचं ॲप प्ले स्टोअरवर सापडतच नाही." माझ्या फोनवर ते व्यवस्थित उघडत होतं. अध्यक्षांच्या फोनवर, त्यांच्या मुलीच्या फोनवरही चालत होतं. तेव्हा नाव शोधताना यांचंच काहीतरी चुकत असेल, असं मी धरून चाललो. मग तिसरा सदस्य आला. त्याच्याही हातात नवाच फोन होता.

आमचा क्लब साताऱ्यातला, डोंगर भटकणाऱ्यांचा. सदस्य सुमारे साडेतीनशे, त्यातले निम्मे पन्नाशीच्या पुढचे. ॲप साधंच आहे : वर्गणीची पावती, ट्रेकची नोंदणी, आणि प्रत्येकाचा रक्तगट व घरच्या माणसाचा नंबर. वासोट्याला जाताना वनखात्याला नावांची यादी द्यावी लागते, ती यातूनच निघते. बामणोलीहून बोटीत बसल्यावर पुढे फोनचा काही भरवसा नसतो, म्हणून ट्रेकच्या म्होरक्याकडे रक्तगटांची यादी आधीच उतरवून घेतलेली असते. जुलैत या ॲपची जबाबदारी माझ्याकडे आली. आली म्हणजे काय, तर सेक्रेटरींनी एक कागद दिला. त्यावर एक ईमेल आणि एक पासवर्ड होता. "आता हे तुमचं," असं ते म्हणाले. मी शाळेत गणित शिकवतो. थोडंफार कोडिंग येतं, एवढीच माझी पात्रता.

तक्रारीचं कारण प्ले कन्सोल उघडल्यावर लगेच दिसलं. ॲप बनवणाऱ्यांसाठी गूगलचं जे कार्यालयासारखं पान असतं, ते म्हणजे प्ले कन्सोल. अँड्रॉइडची नवी आवृत्ती दरवर्षी येते आणि तुमचं ॲप फार मागे राहू नये, अशी गूगलची अट असते. 31 ऑगस्ट 2025पासून अँड्रॉइड 14च्या हिशेबाने न बनवलेली जुनी ॲप त्याहून नवं अँड्रॉइड असलेल्या फोनवर नव्या लोकांना दिसेनाशी झाली. ज्यांनी आधीच घेतलं आहे त्यांचं चालूच राहतं. क्लबमध्ये कुणाच्या लक्षात आलं नाही ते यामुळेच. ॲप बंद पडलं नव्हतं, त्याचा दरवाजा फक्त नव्या माणसांसाठी मिटला होता.

दुरुस्ती अवघड नव्हती. पण कागदावरच्या खात्याला नवी आवृत्ती चढवायचा अधिकारच नव्हता. ते फक्त पाहू शकत होतं. `Users and permissions` हा भाग तर उघडतही नव्हता. तेव्हा उमगलं की वर्षानुवर्षं आम्ही ज्याला क्लबचं लॉगिन म्हणत होतो ते पाहुण्याचं होतं. प्ले कन्सोलमध्ये मालक एकच असतो. शेतात राबणारे दहा असतील, पण सातबाऱ्यावर नाव एकाचंच, तसं. तो मालक इतरांना कमी-जास्त अधिकार देतो. ॲप दुसऱ्या खात्याकडे सोपवायचं झालं तरी अर्ज मालकालाच करावा लागतो. आमचा मालक म्हणजे क्लबच्या नावाचं एक जीमेल खातं होतं. त्याचा पासवर्ड कुणालाच माहीत नव्हता.

कार्यकारिणीच्या बैठकीत हे सांगितलं आणि चूक केली. त्या रात्री सात जणांनी सात ठिकाणांहून अंदाज लावले. क्लबचं नाव आणि पुढे 123, स्थापनेचं साल, गडांची नावं. दुसऱ्या दिवशी मी `accounts.google.com/signin/recovery` या पानावर गेलो. हे खातं तुमचं असल्याची खात्री पटत नाही, एवढंच उत्तर मिळालं.

हे उत्तर मी बराच वेळ समोर ठेवून बसलो. मला वाटत होतं, आपण पासवर्ड हरवला आहे. पासवर्ड हरवला तर तो बदलून देण्याची सोय गूगलकडे आहेच, रोज कितीतरी लोक ती वापरतात. पण बदलून देण्याआधी यंत्र एक प्रश्न विचारतं : तू तोच कशावरून? त्याला क्लबचा ठराव, लेटरहेड, अध्यक्षांची सही यातलं काही दिसत नाही. त्याला दिसतात खुणा. हे खातं पूर्वी याच फोनवर उघडलं होतं का? याच ब्राउझरमध्ये, याच जागेवरून? नोंदवलेला मोबाइल नंबर अजून याच माणसाकडे आहे का? अनोळखी फोनवरून, अनोळखी जागेवरून सात जण दार ठोठावू लागले की यंत्राला ते चोरच वाटणार. मी सगळ्यांना हात जोडून सांगितलं, आता पंधरा दिवस कुणीही हात लावू नका.

नोंदवलेल्या नंबराचे शेवटचे दोन आकडे पानावर दिसत होते. सेक्रेटरींनी ते पाहिले आणि गप्प झाले. तो नंबर आमच्या खजिनदारकाकांचा होता. काका 2024च्या जानेवारीत गेले.

मी त्या नंबरावर फोन केला. उचलणारा माणूस हिंदीत बोलत होता. आपल्याकडे तीन महिने न वापरलेलं सिम बंद होऊ शकतं, आणि बंद झालेला नंबर किमान नव्वद दिवसांनी दुसऱ्या कुणाला मिळू शकतो. तसंच झालं होतं. कार्यकारिणीतल्या एकाने सुचवलं, त्या माणसाकडूनच ओटीपी मागून घेऊ. मी नकार दिला. अनोळखी माणसाने फोन करून ओटीपी मागितला तर देऊ नका, हे मी वर्गात मुलांना शिकवतो. त्या माणसाने देऊ नये, हेच योग्य होतं. याच दिवसांत एकाने पाच हजार रुपयांत खातं उघडून देतो, असंही कळवलं. खातं परत मिळवायला गूगल पैसे घेत नाही. जो मागतो तो उरलेल्या खुणाही आपल्याकडून काढून घेतो.

दुसरी वाट होती ती नवं खातं काढून नवं ॲप करण्याची. नोंदणीचे पंचवीस डॉलर एकदाच भरायचे. वैयक्तिक खातं असेल तर आधी बारा जणांकडून सलग चौदा दिवस चाचणी करून घ्यायची, मगच ते सर्वांसाठी खुलं करण्याची परवानगी मागता येते. हे जमलं असतं. पण प्रत्येक ॲपला आतून एक कायमचं नाव असतं आणि ते पुन्हा दुसऱ्याला वापरता येत नाही. म्हणजे साडेतीनशे जणांना जुनं काढून नवं घ्यायला लावायचं. नोंदी ज्या साठ्यात होत्या तोही त्याच मालकाच्या खात्यात होता. सदस्यांचे रक्तगट अशा खात्यात पडून राहणार होते, ज्याची किल्ली आमच्याकडे नाही. हे मला सहन होईना. शिवाय दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गूगल पुसून टाकू शकतं. काकांनी ते शेवटचं कधी उघडलं होतं, कोण सांगणार?

शेवटी ज्याने 2021मध्ये ॲप बनवलं त्या मुलाला गाठलं. तो आता जर्मनीत असतो. पहिल्या प्रश्नालाच म्हणाला, "सर, मालकीच्या खात्यात मी कधी शिरलोच नाही. डॉलर काकांच्या कार्डावरून भरले. काका म्हणाले, क्लबचं खातं क्लबच्या माणसाच्या फोनवर राहू दे. त्यांच्याच फोनवर उघडून ठेवलं होतं."

काकूंकडे जायला मला दोन दिवस लागले, धीर गोळा करायला. चहा झाल्यावर विषय काढला. त्या उठल्या आणि देवघराच्या खालच्या खणातून फोन घेऊन आल्या. चार्ज केलेला. म्हणाल्या, "महिन्यातून एकदा लावते चार्जिंगला. त्यांचा आवाज आहे यात." ट्रेकच्या आदल्या रात्री सदस्यांसाठीच्या सूचना काका फोनवर बोलून ठेवायचे, मग सकाळी लिहून काढायचे. ते आवाज तिथेच राहिले होते.

कुलपाची रेघ काकूंना पाठ होती. त्यांनी बोटाने ती ओढली आणि फोन उघडला. मी आधी सगळे आवाज पेनड्राइव्हवर उतरवून घेतले, दोनदा. मग फोनच्या सेटिंगमध्ये गूगल या भागात गेलो. क्लबचं खातं तिथे होतं. पासवर्ड विसरलो, हा पर्याय निवडला. यावेळी यंत्राने फोनचं कुलूप पुन्हा उघडून दाखवायला सांगितलं, एवढंच. तोच फोन, तेच घर, तेच वायफाय, आणि रेघ ओळखणारी व्यक्ती. काकूंनी पुन्हा एकदा रेघ ओढली. नवा पासवर्ड टाकायची चौकट समोर आली.

पुढचं काम बरंच होतं, पण ते माहितीतलं होतं. आधी काकांचा जुना नंबर काढून अध्यक्षांचा घातला. नंबर बदलल्यावरही सात दिवस गूगल जुन्या नंबरावर कोड पाठवण्याचा पर्याय देऊ शकतं. त्या सात दिवसांत मी रोज खात्यातल्या सुरक्षेच्या सूचना पाहत होतो. दुहेरी पडताळणी चालू केली, तेव्हा प्रत्येकी आठ आकड्यांचे दहा राखीव कोड मिळाले. एक कोड एकदाच चालतो. ते छापून पाकिटात घातले, पाकिटावर दोघांनी सह्या केल्या आणि ते इतिवृत्ताच्या वहीसोबत कपाटात ठेवलं. मग क्लबमधल्या दोघांना त्यांच्या स्वतःच्या ईमेलवर प्रशासकाचे अधिकार दिले. म्हणजे रोजच्या कामासाठी मालकाच्या खात्याला हात लावावा लागणार नाही.

एक अडचण उरली. नवी आवृत्ती चढवताना तिच्यावर एका गुप्त किल्लीने सही करावी लागते. ती किल्ली त्या मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर होती आणि तो लॅपटॉप पुसला गेला होता. पण ऑगस्ट 2021पासून नव्या ॲपची अंतिम सही करणारी किल्ली गूगलकडेच राहते. आपल्याकडची फक्त माल आत पाठवण्याची. ती हरवली तर मालकाच्या खात्यातून अर्ज करून बदलून मिळते. आमचं ॲप त्या वर्षीच्या डिसेंबरचं होतं. एखाद्या वर्षाने जुनं असतं आणि दोन्ही किल्ल्या त्याच लॅपटॉपवर असत्या, तर खातं परत मिळूनही ॲप कायमचं अडकलं असतं.

ऑक्टोबरच्या मध्यावर नवी आवृत्ती गेली. त्या तीन नव्या सदस्यांनी वासोट्यासाठी नावं नोंदवली.

मग मी पुन्हा काकूंकडे गेलो. सिम नसलेल्या, जुन्या झालेल्या फोनवर क्लबचं खातं उघडं ठेवणं बरोबर नव्हतं. काकू म्हणाल्या, "काढा, पण त्यांचं काही जाणार नाही ना?" मी समजावलं : खातं काढलं की त्यातले मेल जातील. आवाज फोनच्या स्वतःच्या साठ्यात आहेत, ते राहतील. त्यांच्यासमोरच खातं काढलं आणि फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी यादीतला एक आवाज निवडला.

"उद्या पहाटे साडेचारला पोवई नाका," काका सांगत होते. "पाण्याच्या दोन बाटल्या प्रत्येकी. आणि नवीन कोणी असेल त्याला मधे चालवा."