‘आपला दिवस आनंदात जावो’ – पण कुणाचा?

गुलाबाचं फूल, वाफाळता चहा, डोंगरामागून उगवणारा सूर्य आणि खाली दोन ओळींचा सुविचार. फॅमिली ग्रुपवर हे चालून जातं. मामांनी सकाळी सहाला चित्र टाकलं की मामा उठलेत, तब्येत ठीक आहे, एवढं सगळ्यांना कळतं आणि तेवढंच पुरेसं असतं. पण तेच चित्र नवऱ्याने बायकोला किंवा तिने त्याला पाठवलं की बिनसतं. जुलै २०१८ पासून व्हॉट्सॲप पुढे ढकललेल्या मेसेजवर ‘फॉरवर्डेड’ असा शिक्का मारतं, त्यामुळे उसनवारी लपतही नाही. कॉपी-पेस्ट केलं तर शिक्का चुकतो, पण भाषा चुगली करतेच. जिला एरवी ‘ए, ऐक ना’ म्हणून हाक मारतो, तिला सकाळी सातला ‘आपला दिवस मंगलमय जावो’! घरात असं कोण बोलतं?

मेसेज आपला आहे की नाही हे ताडायला एक सोपी कसोटी आहे. तोच मजकूर साडूला किंवा ऑफिसातल्या सहकाऱ्याला पाठवला तर खपेल का? खपत असेल तर तो अजून तिचा झालेला नाही.

एक उदाहरण घेऊ. नवरा चाकणच्या कारखान्यात, या आठवड्यात नाइट शिफ्ट, सकाळी सातला सुटणारा. बायको साताऱ्यात बँकेत. रात्री कामावर जाण्याआधी दोघं फोनवर बोलले. उद्या ऑडिट आहे, असं ती म्हणाली आणि मागच्या वेळचे ऑडिटर कपाळावरचा चष्मा टेबलभर कसे शोधत होते, याची नक्कलही तिने करून दाखवली. आता सकाळी तो काय लिहील?

पहिला प्रयत्न: ‘गुड मॉर्निंग डिअर, हॅव अ नाइस डे.’ हा कुणालाही जाईल. दुसरा: ‘आज तुझं ऑडिट आहे ना? टेन्शन घेऊ नकोस, सगळं नीट होईल.’ हा बरा, कारण ऑडिट तिचं आहे. पण पुढचं वाक्य पुन्हा सुविचाराच्याच वळणाचं. शिवाय ‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हटल्याने टेन्शन कमी झालेलं कुणी पाहिलंय? तिसरा असा:

‘उठलीस का गं? तुझी ती चष्म्याची नक्कल आठवून रात्री मशीनवर एकटाच हसत होतो. आज परत चष्मा हरवला तर मला लगेच कळव. मी आता झोपतोय, दीडला उठेन.’

यात प्रेमाचा एकही शब्द नाही, तरी हा मेसेज दुसऱ्या कुणाला पाठवता येणार नाही. कालचं बोलणं त्याने लक्ष देऊन ऐकलं होतं, हे तिला न सांगता कळतं. तिने काय उत्तर द्यायचं तेही सोपं आहे: दुपारी एक ओळ, चष्मा हरवला की नाही. ‘दीडला उठेन’ हे शब्द दिसायला साधे, पण कामाचे. डबा भरून एसटी गाठायच्या घाईत उत्तर द्यायचं बंधन त्यांनी काढून टाकलं.

असा मजकूर सकाळी डोळे चोळत बसून सुचत नाही. तो आदल्या दिवशीच्या बोलण्यात पडलेला असतो. फोन ठेवल्यावर स्वतःलाच ‘ऑडिट, चष्मा’ असे दोन शब्द पाठवून ठेवले की झालं. दोन-तीन ओळींच्या वर जाऊ नये. सकाळच्या घाईत निबंध वाचला जात नाही, आणि न वाचताच हार्ट टाकलं जातं. लिहावं मात्र बोलतो तसंच. एरवी ‘अहो’ म्हणत असाल तर मेसेजातही ‘अहो’च शोभतं.

मेसेज बिघडतो तो बहुतेक वेळा शेपटाशी. ‘गुड मॉर्निंग, आणि लाइट बिल भरलंस का?’ यातलं गुड मॉर्निंग कुणी वाचत नाही. बिलाचा मेसेज वेगळा टाका, तासाभराने. ‘तुला काय, माझी आठवण येत नसेलच’ हा लाडिक टोमणा समोर बसून म्हटला तर हसू येतं; स्क्रीनवर तो नुसता टोमणा उरतो. निळ्या टिका दिसल्या आणि दहा मिनिटांत उत्तर नाही आलं, म्हणून प्रश्नचिन्ह पाठवणं तर सगळ्यात वाईट. काल भांडण झालं असेल तर गोड बोलून ते झाकू नये. ‘कालचं डोक्यात आहे, संध्याकाळी बोलू. चहा घेतलास का?’ एवढं प्रामाणिकपणे लिहिलं तरी चालतं.

रोज पाठवलाच पाहिजे असाही नेम करू नका. नेम झाला की पंधरवड्यात पुन्हा गुलाबाचं फूल येतं. काहीच सुचलं नाही त्या दिवशी नुसतं ‘उठलीस?’ एवढंच विचारा. उधारीच्या चार ओळींपेक्षा ते केव्हाही बरं.